ड्राफ्ट की अनडू: आधी काय बसवायचं?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला मी गिऱ्हाइकांना दर पाठवायचं छोटं अ‍ॅप लिहून दिलंय. तिथला ऑफिसचा पोरगा कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी शब्द उठवतो. एका दुपारी तो लिहीत होता, ‘30 बाय 60 टॉवेल, डझनाला 1850, भाडं वेगळं.’ ‘भाडं’ हा शब्द यादीतून निवडायला त्यानं एंटर मारला आणि माझ्या अ‍ॅपनं तोच एंटर ‘पाठवा’ म्हणून धरला. समोरच्याला गेलं ते एवढंच: ‘30 बाय 60 टॉवेल, डझनाला 1850, भाडं’.

पाच मिनिटांत फोन आला. ‘भाडं धरून ना अण्णा? मग 50 डझन टाका की.’

मालक मला म्हणाले, ‘ते आपोआप ड्राफ्ट साठवतात ना, तसलं काहीतरी बसवून दे.’ मी म्हटलं, अण्णा, त्यानं हे थांबलं नसतं. पुष्कळांचा इथंच घोळ होतो, कारण दोन्ही सोयी ‘अर्धवट मेसेज’ या एकाच दुखण्यावरचं औषध वाटतात. ड्राफ्ट सांभाळतो तो न गेलेला मजकूर, म्हणजे लाइट गेली, फोन आला, टॅब बंद झाला तरी लिहिलेलं हरवत नाही. अनडू सांभाळतो तो चुकून गेलेला. आमचा मेसेज गेला होता.

त्याही आधी एक फुकटचं काम होतं. शब्द अजून जुळत असेल, तर एंटरला हातच लावायचा नाही:

```js
if (e.key === "Enter" && !e.isComposing && e.keyCode !== 229) send();
```

शब्द निवडणं चालू असताना ब्राउझर `isComposing` खरं ठेवतो. सफारीत मात्र शब्द पक्का झाल्याची खूण एंटरच्या आधीच येते, म्हणून 229 ची जोड द्यावी लागते. इंग्रजीत टाइप करून तपासलं तर ही चूक कधीच दिसत नाही. माझंही तसंच झालं होतं. फोनवर तर एंटरनं नवी ओळच यावी, पाठवायला वेगळं बटण असावं.

आता खरी तुलना. अनडू म्हणजे गेलेला मेसेज परत ओढणं नव्हे, तो थोडा वेळ दारातच अडवून ठेवणं. जीमेलमध्ये ही सोय आधी प्रयोग म्हणून होती, 2015 मध्ये नेहमीच्या सेटिंगमध्ये आली. तिथं 5, 10, 20 किंवा 30 सेकंद निवडता येतात. तेवढा वेळ मेल जीमेलकडेच असतो. व्हॉट्सअ‍ॅपचं ‘सर्वांसाठी डिलीट’ वेगळं आहे. ते दोन दिवसांहून थोडं जास्त चालतं, पण मेसेज तोवर पोचलेला असतो, नोटिफिकेशनमध्ये वाचलेलाही असू शकतो, आणि डिलीट केल्याची खूण मागे राहते. व्यापारात ती खूण म्हणजे नवा प्रश्न: काय पुसलं हो?

म्हणून अडवून ठेवणंच बरं, आणि तेही सर्व्हरवर. घड्याळ फोनमध्ये ठेवलं की माणूस ‘पाठवा’ दाबून अ‍ॅप बंद करतो आणि मेसेज जातच नाही. त्यामुळे ‘पाठवा’ दाबताच मेसेज सर्व्हरवर जावा, तिथं `pending` म्हणून थांबावा आणि वेळ झाली की सुटावा. ‘परत घ्या’ दाबल्यावर सर्व्हरनं एवढंच करायचं:

```sql
UPDATE messages SET status = 'draft'
WHERE id = 41 AND status = 'pending';
```

एक ओळ बदलली तर मेसेज परत आला, एकही बदलली नाही तर तो सुटला. पाठवणाऱ्या प्रोग्रामनंही असंच आधी `pending` चं `sending` करून मग हात घालायचा, म्हणजे दोघांची शर्यत लागली तरी एकच जिंकतो. उत्तर आल्याशिवाय पडद्यावर ‘परत घेतला’ लिहू नये. नेट रेंगाळतं तेव्हा हे खोटं पडतं, आणि पोरगा निर्धास्त होऊन जेवायला जातो. मी पडद्यावर 10 सेकंद दाखवतो आणि सर्व्हरवर 13 ठेवतो. शेवटच्या क्षणी दाबणाऱ्याचा हात वाया जात नाही.

दहाच का? अर्धवट वाक्य गेलेलं लगेच दिसतं, कारण उरलेलं वाक्य अजून डोक्यात असतं. चुकीची फाइल जोडली हे उशिरा लक्षात येतं, तिथं 30 लावा. ‘गाडी निघाली’ सारख्या मेसेजला किंवा सवाल-जवाब चालू असलेल्या चॅटला अनडू नकोच. दर वेळी दहा सेकंद थांबून माणूस वैतागतो. आणि एसएमएस किंवा ईमेल एकदा बाहेर सोडला की आपल्या कुठल्याच बटणाची सत्ता त्यावर चालत नाही.

ड्राफ्टचं काम दिसायला सोपं, पण त्यातल्या चुका जास्त लपून बसतात. हात थांबल्यावर एका सेकंदानं साठवायचं. कुणी न थांबता लिहीतच राहिला तर दर दहा सेकंदांनी एकदा. फोनवर `beforeunload` वर विसंबू नका, दुसरं अ‍ॅप उघडलं की बऱ्याचदा ते येतच नाही; `visibilitychange` धरा. आधी त्याच यंत्रावर साठवायचं, मग सर्व्हरवर. ‘जतन झालं’ असं नुसतं लिहू नये, ‘या फोनवर जतन’ आणि ‘सर्व्हरवर जतन’ हा फरक दाखवावा. नाहीतर माणूस घरी जाऊन दुसऱ्या फोनवर मजकूर शोधत बसतो.

आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात भुताचा ड्राफ्ट निघाला. मेसेज गेला, ड्राफ्ट पुसला, आणि मग नेटमध्ये अडकलेली आधीची साठवण उशिरा सर्व्हरवर पोचली. गेलेला मजकूर पुन्हा ‘अपूर्ण’ म्हणून उभा! पोरग्यानं तो इमानदारीनं दुसऱ्यांदा पाठवला. उपाय साधा आहे: प्रत्येक साठवणीला चढता क्रमांक द्यायचा, पाठवल्यावर शेवटचा क्रमांक लक्षात ठेवायचा, आणि तोच किंवा त्याच्या आतला क्रमांक घेऊन काहीही आलं तर टाकून द्यायचं. ड्राफ्ट गिऱ्हाइकागणिक वेगळाही हवा. एकाचा दर दुसऱ्याच्या खिडकीत दिसला तर त्यापेक्षा ड्राफ्ट नसलेला परवडला.

मग आधी काय? लांबलचक दरपत्रकं लिहिणारे, यूपीएस नसलेलं ऑफिस, एकच मजकूर कधी फोनवर तर कधी कॉम्प्युटरवर, असं असेल तर ड्राफ्ट. छोटे मेसेज आणि आकडा चुकला की पैसे जाणार, असं असेल तर अनडू. एंटरचं काम दोन्हीकडे सगळ्यात आधी, अर्ध्या दिवसाचं आहे.

मी मालकांना अनडूच सुचवला होता. लिहायला बसल्यावर कळलं, परत घेतलेला मेसेज ठेवायचा कुठं? मजकूर, गिऱ्हाइकाचं नाव, जोडलेले फोटो, सगळं जसंच्या तसं लिहायच्या खिडकीत परत यायला हवं. ती जागा म्हणजेच ड्राफ्ट. तेव्हा एंटर त्याच संध्याकाळी दुरुस्त केला, मग ड्राफ्ट बांधला आणि त्यावर अनडू. ‘मी तेच सांगत होतो की,’ मालक म्हणाले. ते 50 डझन मात्र भाडं धरूनच गेले.