दुसऱ्या टीमसोबत एक दिवस बसायचंय: तोंडी विचारायचं की मेल करायचा, पूर्ण दिवस की दोन अर्धे?

जॉब शॅडोइंग म्हणजे दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याचं काम बघणं, उदाहरण सपोर्टचं घेतो. समजा जीएसटी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी आहे, तुम्ही सपोर्टला आणि तुम्हाला एक दिवस डेव्हलपमेंट टीममध्ये बसून बघायचंय की आपण पाठवलेल्या तिकिटाचं तिकडे नेमकं होतं काय.

पहिला मार्ग म्हणजे चहाच्या वेळी मॅनेजरला "सर, मला डेव्हलपमेंटमध्ये इंटरेस्ट आहे, एक दिवस बसू का तिकडे?" हे सोपं आहे आणि मॅनेजर मोकळ्या स्वभावाचा असेल तर लगेच हो पण म्हणेल. पण त्याला ऐकू काय येतं बघा: पोरगं टीम बदलायच्या तयारीत आहे आणि एक दिवस एक माणूस कमी. शिवाय पुढे त्याला त्याच्या वरच्यांनी विचारलं की हा तिकडे का बसलाय, तर दाखवायला हातात काहीच नाही.

दुसरा मार्ग मेलचा, पण त्याआधी अर्धा तास आकडे काढायचे. गेल्या महिन्यात डेव्हलपमेंटकडे गेलेली तिकिटं फिल्टर करा आणि "माहिती अपुरी" म्हणून किती परत आली ते मोजा. समजा ४० गेली, १२ परत आली आणि त्यातल्या ७ मध्ये भानगड लॉगच्या वेळेची होती. कस्टमर म्हणतो दुपारी २:१० ला इनव्हॉइस अडकलं, सर्व्हर लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे लिहितो, तिथे तीच वेळ ०८:४० दिसते, सपोर्टवाला २:१० च्या आसपासचा तुकडा कापून जोडतो आणि समोरचा म्हणतो यात एररच नाही. तिकीट एकदा परत आलं की कस्टमरचा निदान एक दिवस जातो. आता मेल असा लिहा:

"सर, गेल्या महिन्यात आपली ४० पैकी १२ तिकिटं परत आली, यादी जोडली आहे. डेव्हलपर तिकीट उघडल्यावर आधी काय बघतो हे समजून घ्यायला २५ तारखेला त्यांच्यासोबत बसायचं आहे. त्या दिवशी माझे कॉल सहकारी घेणार आहे, त्याच्याशी बोललोय. दोन दिवसांत तिकीट भरायची एक पानी चेकलिस्ट टीमला देईन आणि पुढच्या महिन्यात परत आलेली तिकिटं पुन्हा मोजून सांगेन. तुम्ही हो म्हणालात की तिकडच्या लीडशी बोलतो."

यात कंपनीला काय मिळणार हे मॅनेजरला शोधावं लागत नाही आणि हाच मेल तो जसाच्या तसा वर फॉरवर्ड करू शकतो. फक्त "तिकिटं निम्म्यावर आणतो" असलं काही लिहू नका, ते तुमच्या एकट्याच्या हातात नाहीये. मला विचाराल तर दोन्ही करा, आधी तोंडी कानावर घाला आणि त्याच दिवशी मेल टाका. आधी तिकडच्या लीडला पटवून मग आपल्या मॅनेजरकडे गेलात तर त्याला बायपास केल्यासारखं वाटतं, आणि मग साधी गोष्ट पण अडते.

तारीख २५ का, तर मंथली रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ ला आणि ३बी ची साधारण २० ला, त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस फोन थांबत नाहीत, तेव्हा सुट्टी मागितल्यासारखं दिसेल. तिकडचं पण बघा, रिलीजच्या दिवशी कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, बग ट्रायाजची, म्हणजे कुठला बग आधी घ्यायचा हे ठरवायची मीटिंग असेल तो दिवस पकडा.

पूर्ण दिवसाचा फायदा असा की एखादं तिकीट उघडण्यापासून बग सापडेपर्यंत सलग बघता येतं, तोटा एवढाच की दुपारनंतर डेव्हलपर हेडफोन लावून कोडमध्ये शिरला की तुम्ही नुसते बसून. दोन अर्ध्या दिवसांत पहिल्यांदा ट्रायाज बघायचा, मध्ये चेकलिस्टचा कच्चा ड्राफ्ट करायचा आणि दुसऱ्यांदा तो दाखवून दुरुस्त करून घ्यायचा. शिफ्ट भरायला माणूस मिळत नसेल तर मॅनेजरलाही हेच परवडतं. माझं मत अर्ध्या दिवसांकडे, पण टीम दुसऱ्या शहरात असेल तर एकच पूर्ण दिवस घ्या, अर्ध्या दिवसासाठी कोण एवढा प्रवास करणार.

आणि मेलमध्ये एक ओळ नक्की टाका की मी फक्त बघणार, कुठलाही ॲक्सेस नको. कस्टमरचा डेटा असलेल्या सर्व्हरचा विषय निघाला की प्रकरण आयटी सिक्युरिटीकडे जातं आणि मग तुमची २५ तारीख गेलीच समजा.

एवढं करूनही उत्तर नाही असंच आलं तर "मग एका ट्रायाज कॉलला नुसतं ऐकायला बसू का?" एवढं विचारा, त्याला फार कोणी अडवत नाही आणि लॉगच्या वेळेसारख्या गोष्टी तासाभरात पण कळतात.