बिलावर एक बॅच, पाकिटात दुसरा: रिकॉलच्या वेळी झालेली फसवणूक

कंपनीने औषध परत मागवलं की उरलेल्या मालाचे पैसे परत मिळतात, असं आम्ही केमिस्ट लोक धरूनच चालतो. मला ते मिळाले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ते औषध कोणाकोणाच्या घरी गेलं, हे शोधणंही अवघड होऊन बसलं. कारण स्टॉकिस्टने बिलावर एका बॅचचा नंबर टाकला होता आणि माल दुसऱ्याच बॅचचा दिला होता. किरकोळ औषध दुकानदारांनी आणि स्वतःच्या दवाखान्यातून औषध देणाऱ्या डॉक्टरांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

औषध होतं अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडची ६२५ची गोळी. यातल्या क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडला ओलावा अजिबात सोसत नाही. स्ट्रिपचं सील कुठे नीट बसलं नसेल, आत दमट हवा शिरली, की त्याचं प्रमाण घटत जातं. मग रुग्णाच्या पोटात जवळपास नुसतं अमॉक्सिसिलिन जातं, आणि ज्या जंतूंवर ते एकटं चालत नाही म्हणून डॉक्टरांनी ही जोडगोळी लिहिली, ते जंतू तसेच राहतात. कंपनीच्या तपासणीत एका बॅचमध्ये हे प्रमाण कमी भरलं आणि तिने तो बॅच मागे घेतला.

नोटीस मात्र चांगली लिहिलेली होती. औषधाचं नाव, पॅकिंग, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परत मागवण्याचं कारण, सगळं पहिल्याच पानावर. वर्ग दोनचा रिकॉल, किरकोळ दुकानापर्यंत. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत रिकॉलचे तीन वर्ग आहेत. जिवाला धोका असेल तो पहिला. त्यात २४ तासांत, फार तर ७२ तासांत विक्री थांबवून माल मागे घ्यावा लागतो. दुसऱ्या वर्गाला १० दिवसांपर्यंत आणि तिसऱ्याला ३० दिवसांपर्यंत मुदत असते.

पुढच्या सूचनाही सरळ होत्या. विक्री ताबडतोब थांबवा. माल शेल्फवरून काढून वेगळ्या खोक्यात, ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून कुलपात ठेवा. सोबतच्या उत्तरपत्रात किती आला, किती विकला, किती शिल्लक आहे ते भरा; काहीच शिल्लक नसेल तर शून्य लिहा, पण पत्र पाठवा. मग ज्या स्टॉकिस्टकडून घेतला त्याच्याकडे खरेदी बिलाची प्रत जोडून चलनावर माल परत करा आणि चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर त्याचा सही-शिक्का घ्या. तो डेपोला पाठवेल आणि तुम्हाला क्रेडिट नोट देईल. डॉक्टरांसाठी वेगळा परिच्छेद होता: एमआरने दिलेली सॅम्पल तपासा, त्यांचं बिल नसतं, ती एमआरकडे पोच घेऊन द्या.

मी स्ट्रिपा काढल्या. बॅच नोटिशीतलाच. खोक्यात घातल्या, उत्तरपत्र भरलं आणि बिल शोधायला घेतलं. बिलावर त्या औषधासमोर वेगळाच बॅच होता. सुरुवातीची अक्षरं तीच, शेवटचे आकडे वेगळे.

माल आला तेव्हाच दुकानातल्या मुलाने हा फरक पकडला होता. स्ट्रिपवरची एमआरपीही बिलाशी जुळत नव्हती. मी तेव्हाच स्टॉकिस्टला फोन केला, तर उत्तर आलं, “दादा, सिस्टिमला जुना बॅच पडलाय. सुधारित बिल उद्याच्या गाडीबरोबर देतो.” ते बिल कधीच आलं नाही. आता त्याच माणसाने खोकं परत पाठवलं आणि फोनवर सांगितलं, “हा बॅच आमच्याकडून गेलेलाच नाही. बिल तुमच्याच हातात आहे, बघा ना.”

मी बिलाचा आणि स्ट्रिपचा फोटो कंपनीच्या गुणवत्ता विभागाला पाठवला. त्यांनी वितरणाची नोंद तपासून कळवलं की हा बॅच डेपोतून आमच्या स्टॉकिस्टला दिलेलाच नव्हता. म्हणजे त्याने तो बाहेरून कुठून तरी, बहुधा स्वस्तात, उचलला आणि आपल्याकडे कागदावर पडून असलेल्या बॅचच्या नावाखाली मला विकला. कंपनीने माझ्या स्ट्रिपा पोच देऊन ताब्यात घेतल्या, पण क्रेडिट नोट नाकारली. खरेदीचा पुरावा दुसऱ्या बॅचचा आहे, आणि त्यांच्या बाजूने ते चुकीचंही म्हणता येत नाही.

पैसे गेले ते एक. खरी अडचण विकलेल्या मालाची. आमचं सॉफ्टवेअर खरेदीच्या नोंदीतला बॅचच विक्रीच्या बिलावर छापतं, त्यामुळे ग्राहकांच्या बिलांवरही तोच खोटा नंबर गेला होता. नोटिशीतला बॅच टाकून शोधलं तर एकही ग्राहक दिसेना. शेवटी त्या काळात ही गोळी नेलेल्या प्रत्येकाला, दुसऱ्या बॅचवाल्यांनाही, फोन करावे लागले. ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या त्यांना कळवलं, म्हणजे ताप किंवा संसर्ग न उतरलेला रुग्ण आला तर त्यांच्या लक्षात यावं. एक आई मुलाची उरलेली स्ट्रिप घेऊन आली. चार गोळ्यांचा तो तुकडा होता आणि त्यावर बॅच नंबरच नव्हता, कारण तो स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेला असतो आणि ते टोक दुसऱ्याच कोणाकडे गेलं होतं. आता आम्ही सुट्या गोळ्या उलट्या टोकाकडून कापतो, नंबरचा भाग शेवटपर्यंत दुकानात राहतो आणि बिलावर बॅच स्ट्रिप पाहून तपासला जातो.

हे नंबर किती जीवघेणे ठरतात ते २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनी पाहिलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं दगावली तेव्हा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कोल्ड्रिफ सिरपच्या एसआर-१३ या बॅचचा वापर आणि विक्री ताबडतोब थांबवायला सांगितलं होतं. अशा वेळी दुकानदार आधी संगणकात बॅच शोधतो. तिथे दुसराच नंबर असेल तर तो निर्धास्तपणे ‘आमच्याकडे नाही’ म्हणेल आणि बाटली शेल्फवरच राहील.

शिवाय कायद्याची बाजू आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०च्या कलम १९(३) मध्ये विक्रेत्याला संरक्षण आहे: माल परवानाधारकाकडून घेतला, दोष माहीत नव्हता आणि वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखा नव्हता, माल नीट साठवला आणि तो आला तसाच आहे, हे त्याने सिद्ध केलं तर. यातली पहिली गोष्ट सिद्ध होते ती बिलाने. बॅच जुळत नसेल तर औषध निरीक्षकासमोर तो माल बिनबिलाचाच ठरू शकतो. म्हणून मी स्वतःहून सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. बिल, स्ट्रिपचे फोटो, स्टॉकिस्टला केलेले मेसेज आणि कंपनीचं उत्तर, सगळं जोडलं. चौकशी चालू आहे.

माल उतरवून घेताना बॅच खोक्यावरून वाचू नका, स्ट्रिपवरून वाचा. खोकं एका बॅचचं आणि आतल्या स्ट्रिपा दुसऱ्या, हेही होतं. एमआरपी आणि मुदतीची तारीख बिलाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. नंबर वेगळा निघाला तर माल पोचवणाऱ्या पोऱ्याच्या चलनावरच ‘बॅच जुळत नाही, माल परत’ असं लिहून सही घ्या आणि त्याच गाडीने माल पाठवा. सुधारित बिल येईपर्यंत माल ठेवून घेतो, असं फोनवर कबूल करू नका. महाराष्ट्रात एफडीएचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५ आहे. रिकॉल झालेला माल स्टॉकिस्ट घेत नसेल तर तो परत आल्या दिवशीच तिथे आणि कंपनीला, दोन्हीकडे कळवा.