स्कॅनर, डिरेक्टरी आणि डीएचसीपी जोडून स्वतःच बनवलेली नेटवर्कवरच्या यंत्रांची इन्व्हेंटरी: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या जुलैतल्या एका सोमवारी सकाळी आमच्या कारखान्यातल्या डिस्पॅच विभागाचे सगळे पीसी नेटवर्कवरून गेले. तपासलं तर सगळ्यांना 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते मिळालेले, आणि आमची रेंज 10.20 ची. कुणीतरी घरचा वाय-फाय राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावला होता आणि तो स्वतःचेच पत्ते वाटत सुटला होता. तो शोधायला साडेचार तास गेले. तेवढा वेळ माल भरायला आलेल्या गाड्या गेटवर उभ्या राहिल्या.

संध्याकाळी प्लँट हेड साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "आपल्या नेटवर्कवर एकूण यंत्रं किती, आणि त्यातली आपली किती?" मला सांगता आलं नाही. अँटिव्हायरसची लायसन्स 260, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत कॉम्प्युटरची खाती 341, आणि अकाउंट्सच्या रजिस्टरात तिसराच आकडा. तयार सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवलं. वर्षाला साडेसहा लाख, तेही यंत्रामागे दर. तेवढे पैसे मिळणार नव्हते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते द्यायचे नव्हते. स्कॅनर, डिरेक्टरी आणि डीएचसीपी या तिन्ही ठिकाणची माहिती आमच्याकडे आधीपासून पडून होती. ती एकत्र करायची, एवढंच काम होतं.

मांडणी तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थोडक्यात सांगतो. एनमॅपचा स्कॅन, डीएचसीपीच्या लीज आणि डिरेक्टरीतली खाती रोज रात्री एका एसक्यूलाइट फाइलमध्ये येतात. विंडोजच्या बाजूचं काम दोन आज्ञांत होतं:

```powershell
Get-DhcpServerv4Scope | Get-DhcpServerv4Lease -AllLeases |
  Select-Object IPAddress, ClientId, HostName, AddressState
Get-ADComputer -Filter * -Properties LastLogonDate, OperatingSystem
```

पहिला आठवडा मॅक पत्ता एकाच साच्यात आणण्यात गेला. लीजमध्ये तो आडव्या रेघांनी तोडलेला, एनमॅपमध्ये कोलनने, स्विचवर चार-चार अक्षरांनंतर टिंब, आणि डीएचसीपीच्या लॉगमध्ये सलग. सगळी विरामचिन्हं काढून लहान लिपीत साठवायचं ठरवलं आणि तो प्रश्न मिटला. काही लिनक्स सर्व्हर मात्र मॅकऐवजी `ff` ने सुरू होणारी लांबलचक ओळख पाठवतात. ती बारा अक्षरांत बसत नाही, म्हणून ती वेगळ्या रकान्यात ठेवली. ती कापून मॅकच्या रकान्यात कोंबली असती, तर एकच सर्व्हर दोन यंत्रं म्हणून दिसला असता.

सुरुवातीचे दोन महिने माझं मत पक्कं होतं: स्कॅनर हाच खरा साक्षीदार, बाकी दोन कागदोपत्री. डिरेक्टरीत मेलेली खाती असतात आणि लीज संपलेल्या असू शकतात, पण स्कॅनरला जे दिसतं ते या क्षणी जिवंत आहे. सप्टेंबरात हे मत मला बदलावं लागलं.

लीजच्या यादीत `DESKTOP-7K2M9QF` नावाचं एक यंत्र वारंवार येत होतं. नाव विंडोजने इन्स्टॉलच्या वेळी स्वतःच दिलेलं, म्हणजे आमच्या कुणी ते बसवलेलं नाही. डिरेक्टरीत ते नव्हतं, आणि साठ रात्रींच्या स्कॅनमध्ये एकदाही नव्हतं. डीएचसीपीचा लॉग उघडला तर रोज दुपारी सव्वातीनच्या आसपास त्याची नोंद होती. कोड 11, म्हणजे आहे तीच लीज पुन्हा घेतलेली. रविवार सोडून रोज. म्हणजे यंत्र दुसऱ्या पाळीत चालू होतं आणि पाळी संपली की बंद होतं. माझा स्कॅन रात्री दोनला चालायचा.

मग दुपारी चारला स्कॅन चालवला. तरीही दिसलं नाही! कारण माझा स्कॅनर सर्व्हर रूममध्ये, आणि ते यंत्र दुसऱ्या व्हीलॅनमध्ये. राउटरच्या पलीकडच्या यंत्रासाठी `nmap -sn` पिंग पाठवतो आणि 443 व 80 या पोर्टवर ठोठावतो. विंडोजचा फायरवॉल पब्लिक प्रोफाइलवर असेल तर यातल्या कशालाच उत्तर मिळत नाही, आणि एनमॅप यंत्र बंद समजतो. त्याच व्हीलॅनमध्ये बसून स्कॅन केला तर एनमॅप एआरपीने विचारतो, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय यंत्राला नेटवर्कवर कामच करता येत नाही.

स्विचवर मॅक शोधला. पहिल्या स्विचने ज्या पोर्टकडे बोट दाखवलं, त्यामागे चाळीस मॅक होते, म्हणजे तो पुढच्या स्विचकडे जाणारा दुवा. पुढच्या स्विचवरच्या पोर्टमागे तीन मॅक निघाले. वायर धरून गेलो तर ती मोजमाप विभागात पोहोचली. तिथे टेबलाखाली आठ पोर्टचा साधा स्विच, आणि त्याला सीएमएम या सुटे भाग मोजणाऱ्या यंत्राचा पीसी जोडलेला. पुरवठादाराने बसवून दिलेला, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, आणि बसवल्या दिवसापासून एकही विंडोज अपडेट नाही. तिथले ऑपरेटर काका म्हणाले, "तीन वर्षं झाली साहेब, याला कुणी हात लावू नका म्हणून सांगितलंय."

त्यानंतर भंगारात जाणारा एक डेस्कटॉप घेतला, त्याला ट्रंक पोर्ट दिला आणि प्रत्येक व्हीलॅनमध्ये त्याचा एक पाय ठेवला. आता स्कॅन दिवसातून तीनदा, प्रत्येक पाळीच्या मध्यावर चालतो. खर्च शून्य. पहिल्याच दिवशी 23 नवी यंत्रं सापडली. बहुतेक कॅमेरे, प्रिंटर आणि हजेरीची बायोमेट्रिक मशीन, सगळे हाताने पत्ता दिलेले. ही माणसाने पत्ता दिलेली यंत्रं डीएचसीपीला कधीच कळत नाहीत. त्यांच्यासाठी स्कॅनर लागतोच. पण मुख्य साक्षीदार म्हणून मी आता डीएचसीपी धरतो. स्कॅन म्हणजे एका क्षणाचा फोटो, आणि हाताने पत्ता न दिलेल्या प्रत्येक यंत्राला आत येताना डीएचसीपीच्या दारातून जावंच लागतं.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो ती सांगतो. विंडोजच्या डीएचसीपीचा लॉग `DhcpSrvLog-Mon.log` अशा नावाने साठतो. फाइलच्या नावात फक्त वार असतो, तारीख नाही. पुढचा सोमवार उजाडला की मागच्या सोमवारची फाइल पुसून तिच्यावरच नवी लिहिली जाते. कुठलीही सूचना येत नाही. जुलैतला राउटर कधी लागला आणि त्याआधी त्या पॉइंटवर कोण होतं हे शोधायला मी अकराव्या दिवशी बसलो, तेव्हा तो सोमवार पुसला गेलेला होता. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत, आणि इथे मूळ सेटिंगवर सातच दिवस राहतात. माझ्या ओळखीच्या दोन कारखान्यांत जाऊन मी हे तपासलं. दोन्हीकडे कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं. तुम्ही इन्व्हेंटरी करा किंवा करू नका, पण मध्यरात्रीनंतर कालची फाइल तारखेच्या नावाने दुसरीकडे कॉपी करणारं एक टास्क आजच लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि आता सगळ्यात जास्त आनंद देणारा भाग. नाव जुळलं की यंत्र आपलं, असं मी धरून चाललो होतो. `PUR-LT-09` हा खरेदी विभागातला लॅपटॉप. डिरेक्टरीत आहे, लीजमध्ये आहे, यादीत हिरवा. मार्चमध्ये सहज दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. डीएचसीपी म्हणत होतं, आज सकाळी 9:12 ला आला. डिरेक्टरीतली `LastLogonDate` होती 11 नोव्हेंबर. रोज ऑफिसात येणारा लॅपटॉप चार महिने डोमेनशी बोललाच नाही, हे कसं शक्य आहे?

नोव्हेंबरात त्याची हार्ड डिस्क गेली होती. बाहेरच्या दुरुस्तीवाल्याने नवं विंडोज टाकलं आणि झाकणावरच्या स्टिकरवरचं नाव जसंच्या तसं दिलं, पण डोमेनला जोडलाच नाही. डिरेक्टरीत राहिलं ते जुन्या विंडोजचं खातं. त्यावर ना आमचं अँटिव्हायरस, ना पॉलिसी, ना अपडेट. नावाच्या जोरावर तो चार महिने आमचाच म्हणून वावरत होता.

इथे एक खबरदारी घ्यायची. `LastLogonDate` जिच्यावरून येते ती नोंद डोमेन कंट्रोलर रोज बदलत नाही. मूळ सेटिंगमध्ये ती 9 ते 14 दिवस मागे असू शकते. म्हणून दहा-बारा दिवसांचा फरक दिसला तर घाबरायचं कारण नाही. मी सीमा 30 दिवसांची ठेवली: डीएचसीपीत गेल्या तीन दिवसांत दिसलेलं, पण डिरेक्टरीत 30 दिवसांपेक्षा जुनं. लांब सुट्टीवरून परतलेल्या माणसाचा लॅपटॉप यात अडकत नाही, कारण नोंद इतकी जुनी असेल तर डोमेनशी पहिल्याच संपर्कात ती ताजी होते. पहिल्या दिवशी या एका प्रश्नात सहा यंत्रं सापडली. दोन परस्पर फॉरमॅट केलेली, चार डोमेनशी नातं तुटलेली आणि लोकल खात्यावर चाललेली. त्या चारांवर `Test-ComputerSecureChannel` चालवलं तेव्हा उत्तर `False` आलं.

मोबाइलच्या बाबतीत मी हात टेकले. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन वाय-फायवर बनावट मॅक देतात. मॅकचं दुसरं अक्षर 2, 6, a किंवा e असेल तर तो बनावट समजून मी गेस्ट व्हीलॅनमध्ये मोजतो, त्याच्या मागे लागत नाही. पण तसाच मॅक ऑफिसच्या व्हीलॅनमध्ये दिसला तर मात्र कुणीतरी वाय-फायचा पासवर्ड वाटलाय असं समजून चौकशी करतो. यूएसबी-लॅन डोंगलनेही त्रास दिला. मीटिंग रूममधला एक डोंगल नऊ लॅपटॉपना आलटून पालटून लागायचा, आणि यादीत एकच यंत्र नऊ नावांनी फिरायचं. तीनपेक्षा जास्त नावं लागलेला मॅक आता यंत्राची ओळख म्हणून धरतच नाही.

आजचा आकडा 412 यंत्रं, त्यातली 19 अजून बेवारस. प्लँट हेड साहेबांना दर महिन्याच्या एक तारखेला हा एक कागद जातो. साडेसहा लाखांचं कोटेशन मी परत उघडलेलं नाही.

फक्त ज्या राउटरमुळे हे सगळं सुरू झालं, तो या इन्व्हेंटरीत आजही आला नसता. त्याचा पत्ता 192.168.1.1, माझा स्कॅन 10.20 च्या रेंजमध्ये, आणि तो पत्ता मागणारा नाही तर वाटणारा, त्यामुळे आमच्या डीएचसीपीच्या लॉगमध्येही त्याचं नाव नाही. त्याच्यासाठी ज्या स्विचवर जमतं तिथे डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं, आणि प्रत्येक व्हीलॅनमध्ये दर तासाला `nmap --script broadcast-dhcp-discover` चालतं. उत्तर देणारा सर्व्हर आमचा नसेल तर माझ्या मोबाइलवर मेसेज येतो. फेब्रुवारीत असा एक मेसेज आला. सुरक्षा केबिनमध्ये कॅमेऱ्याच्या ठेकेदाराने राउटर लावला होता, आणि सहा मिनिटांत तो माझ्या हातात होता.