वयवारीची गणिते: समीकरण मांडावे, भाग धरावेत की पर्याय ताडून पाहावेत?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अभ्यासिकांमध्ये पोलीस भरती आणि राज्यसेवा पूर्व परीक्षा या दोन्हींची तयारी एकाच वेळी करणारे उमेदवार पुष्कळ दिसतात, आणि वयवारीच्या प्रकरणाशी आले की बहुतेकांपुढे तोच प्रश्न उभा राहतो. x धरून रीतसर समीकरण मांडावे, गुणोत्तराचे भाग धरून तोंडी सोडवावे, की दिलेले पर्याय एकेक करून ताडून पाहावेत? पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांसाठी ९० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ५४ सेकंद येतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

तिन्ही पद्धती एकाच उदाहरणावर लावून पाहू. चार वर्षांपूर्वी सुनंदा आणि तिचा भाऊ यांच्या वयांचे गुणोत्तर ३:५ होते, आणि आजपासून ८ वर्षांनी ते ३:४ होईल, तर सुनंदाचे आजचे वय किती? पर्याय १२, १६, २० आणि २४.

समीकरणाने जायचे तर चार वर्षांपूर्वीची वये ३x आणि ५x धरावीत. तेव्हापासून ‘८ वर्षांनी’ या क्षणापर्यंत १२ वर्षे जातात. येथे घाईत ८ लिहिले जाते आणि गणित तिथेच बिघडते. म्हणून (३x + १२) : (५x + १२) = ३ : ४, त्यावरून १२x + ४८ = १५x + ३६, आणि x = ४. चार वर्षांपूर्वी सुनंदा १२ वर्षांची होती, म्हणून आज ती १६ वर्षांची आहे. रीत खात्रीची आहे, परंतु तिरकस गुणाकारात वेळ जातो.

भागांची रीत एका साध्या गोष्टीवर उभी आहे: दोघांच्या वयांतील फरक कधीही बदलत नाही. पहिल्या गुणोत्तरात फरक २ भागांचा आहे आणि दुसऱ्यात १ भागाचा, म्हणून दुसरे गुणोत्तर दुप्पट करून ६:८ असे लिहावे. आता ३:५ चे ६:८ झाले, म्हणजे प्रत्येकाच्या वयात ३ भागांची भर पडली, आणि ही भर १२ वर्षांची असल्यामुळे १ भाग म्हणजे ४ वर्षे. दोन वेगवेगळ्या काळांची गुणोत्तरे दिली असतील तेव्हा पर्याय न पाहता सोडवण्याची याहून जलद वाट नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पर्यायांची रीत मात्र या प्रश्नात दोघींनाही मागे टाकते. चार वर्षांपूर्वी सुनंदाचे वय ३ च्या पटीत होते, म्हणून प्रत्येक पर्यायातून ४ वजा करून पाहावे. ८, १२, १६ आणि २० यांपैकी ३ ने भाग जाणारी संख्या १२ एकटीच आहे. उत्तर १६, आणि समीकरणाची गरजही पडली नाही.

खरा धोका यानंतर सुरू होतो. समजा, वाचताना उमेदवाराने सुनंदाला मोठी मानले आणि तिच्याकडे ५ भाग दिले. मग चार वर्षांपूर्वीचे वय ५ च्या पटीत हवे, आणि त्या चार संख्यांत २० ही एकच तशी आहे. उत्तर २४ येते, ते पर्यायांत आहे, आणि दोन्ही गुणोत्तरे त्याच उलट क्रमाने ताडून पाहिली तर तीही जुळतात. म्हणजेच ताळा फक्त आकडेमोड तपासतो. कोण मोठे हे वाचण्यात झालेली चूक तो पकडू शकत नाही. भागांच्या रीतीलाही हाच दोष लागू आहे, कारण फरक काढताना कोणता भाग कोणाचा याकडे लक्ष जातच नाही. समीकरणाच्या रीतीत निदान ‘सुनंदा = ३x’ असे नाव लिहावे लागते, आणि त्या क्षणी वाक्याकडे पुन्हा पाहण्याची संधी मिळते. म्हणून पद्धत कोणतीही निवडा, परंतु आकड्याला हात लावण्यापूर्वी कच्च्या कागदावर ‘भाऊ मोठा’ असे दोन शब्द लिहा.

हे दोन शब्द लिहिण्यासाठी मराठी वाक्यातील प्रत्ययांकडे पाहावे, नावांच्या क्रमाकडे नव्हे. ‘महेशपेक्षा रमेश ६ वर्षांनी लहान आहे’ या वाक्यात महेशचे नाव आधी आले तरी ‘लहान’ हे रमेशविषयी आहे. ज्या नावाला ‘पेक्षा’ लागते तो केवळ मोजण्याचा आधार असतो. पटीच्या वाक्यात ‘च्या वयाच्या’ ज्याला लागते, त्याच्या वयाला गुणायचे असते. ‘दोघांच्या वयांत ६ वर्षांचा फरक आहे’ एवढेच म्हटले असेल तर कोण मोठा हे अजून ठरलेले नाही, आणि ते पुढच्या वाक्यात शोधावे लागते. समजा, पुढे म्हटले आहे की २ वर्षांनी रमेशचे वय महेशच्या वयाच्या दीडपट होईल. तर रमेश मोठा, महेश आज १० वर्षांचा आणि रमेश १६ वर्षांचा. येथे महेशला मोठा धरले असते तर त्याचे वय उणे १४ आले असते. उणे वय आले की आकडेमोड पुन्हा करत बसू नये, थेट वाक्य पुन्हा वाचावे.

दुर्दैवाने प्रत्येक चूक अशी ओरडून सांगत नाही. आईचे वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी आहे आणि दोघींच्या वयांची बेरीज ४८ आहे, तर मुलीचे वय किती? मुलगी x, तर आई ३x − ४, आणि उत्तर १३. परंतु आधी ४ वजा करून मग तिप्पट केली, तर १५ येते. ४ ने जास्त असे वाचले, तर ११ येते. तिन्ही उत्तरे पूर्णांकात आहेत आणि तिन्ही वये आई-मुलीला शोभतात. अशा ‘तिपटीपेक्षा अमुक ने’ वाक्यांत गुणोत्तराचे भाग सरळ पडत नाहीत, म्हणून समीकरणच मांडावे आणि मिळालेले वय मूळ वाक्यात घालून पाहावे: १३ ची तिप्पट ३९, त्यातून ४ गेले ३५, आणि ३५ व १३ मिळून ४८.

सरासरीच्या प्रश्नात भागांची रीत उपयोगी पडत नाही. तिथे एकूण वयाची बेरीजच धरावी. चार जणांच्या कुटुंबाचे सरासरी वय ५ वर्षांपूर्वी २२ होते. मधल्या काळात घरात बाळ जन्मले, आणि आज पाच जणांचे सरासरी वयही २२ आहे. तेव्हाची बेरीज ८८ होती, चौघांची पाच-पाच वर्षे मिळून २० वाढली, म्हणजे चौघांची आजची बेरीज १०८, आणि पाच जणांची ११०. बाळ २ वर्षांचे. ज्याने २० ऐवजी एकदाच ५ मिळवले, त्याचे बाळ १७ वर्षांचे निघते, आणि जे मागच्या पाच वर्षांत जन्मले ते १७ चे कसे असेल, हे त्याला लगेच दिसायला हवे.

आता निवडीविषयी. पोलीस भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकाच व्यक्तीचे वय विचारले असून त्याच व्यक्तीचे गुणोत्तर दिले असेल, तर विभाज्यतेने पर्याय गाळणे हा सर्वांत फायद्याचा मार्ग आहे. दोघांच्या वयांची बेरीज विचारली असेल किंवा दोन पर्यायांना भाग जात असेल, तर भागांकडे वळावे. राज्यसेवा पूर्वच्या दुसऱ्या पेपरमध्ये ८० प्रश्नांसाठी दोन तास मिळतात, पण चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या चतुर्थांशाइतके गुण वजा होतात. तिथे प्रत्येक प्रश्नाला दीड मिनिट हाताशी असल्यामुळे नाव लिहून समीकरण मांडणे परवडते, आणि पर्याय हे उत्तर शोधण्याऐवजी मिळालेले उत्तर ताडण्यासाठी वापरावेत.