पाळीपत्रकातला थकवा मोजायचा कशाने? मर्यादा, गुण की निर्देशांक

तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याच्या कंट्रोल रूमचं पाळीपत्रक ज्याच्या गळ्यात पडतं, त्याच्यासमोर महिनाअखेरीला दोन-तीन कच्चे आराखडे असतात आणि यातला कोणता माणसाला कमी मोडेल हा प्रश्न असतो. पहिली पाळी ७ ते ३, दुसरी ३ ते ११, तिसरी ११ ते ७. एका ऑपरेटरचे पंधरवड्याचे तीन आराखडे असे (आकडा म्हणजे पाळी, 'सु' म्हणजे सुट्टी):

क: २ २ १ १ २ १ सु ३ ३ ३ ३ ३ सु सु

ख: १ १ २ २ ३ ३ सु सु १ २ ३ ३ ३ सु

ग: २ २ ३ ३ ३ सु सु १ १ १ २ ३ ३ सु

तिन्हींत अकरा पाळ्या आहेत, त्यांतल्या पाच रात्रीच्या. तास ८८, आठवड्याला कधीच ४८ च्या वर नाहीत. म्हणजे फक्त तास मोजणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतील. फरक दिसायला हवा असेल तर तीन वाटा आहेत.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे मर्यादा आखून टिकमार्क करणं. दोन पाळ्यांत किमान ११ तास विश्रांती (युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळेच्या निर्देशातला आकडा), सलग रात्री जास्तीत जास्त चार, सलग दिवस सहा, आणि रात्रींनंतर ४६ तास मोकळे. हा शेवटचा नियम इंग्लंडमधल्या कनिष्ठ डॉक्टरांच्या करारातून आलेला आहे. या चाळणीत 'क' तीनदा अडकतो: पाच सलग रात्री, आणि दुसरी पाळी करून रात्री ११ ला सुटलेला माणूस सकाळी ७ ला हजर, असं दोनदा. कागदावर ते आठ तास आहेत. डोंबिवलीहून महापेला येणाऱ्याचे जाण्यायेण्याचे तीन तास वजा करा, जेवण-अंघोळ धरा, झोपेला चार-साडेचार उरतात.

पण 'ख' आणि 'ग'सुद्धा अडकतात. पंधरवडा संपला की पत्रक पुन्हा पहिल्या दिवसापासून फिरतं. 'ख'मध्ये शेवटची रात्र चौदाव्या दिवशी सकाळी ७ ला संपते आणि पंधराव्या दिवशी सकाळी ७ ला पहिली पाळी. म्हणजे २४ तास. 'ग'मध्ये पंधराव्या दिवशी दुसरी पाळी आहे, म्हणून ३२ तास. दोन्ही ४६ च्या खाली. ही सांधणी तपासायची राहून जाते, कारण पत्रकात चौदाव्या खान्यात 'सु' ठळक दिसत असतो. रात्रपाळीनंतरची पहिली सुट्टी ही खरं तर झोपेत गेलेला दिवस असतो, ती सुट्टी म्हणून मोजणं हीच पहिली चूक.

तर मर्यादांची चाळणी सांगते की तिन्ही नापास. निवड करायची तर ते पुरत नाही. आणि नाइलाजही समजून घ्या: तीनच सुट्ट्या हातात असताना रात्रींचे दोन गट पाडले, तर दोन्ही गटांना प्रत्येकी दोन सुट्ट्या देणं शक्यच नाही. काहीतरी कापावं लागणारच, कुठे कापलं तर कमी दुखेल एवढाच प्रश्न.

इथे गुणांची पद्धत कामाला येते. सायमन फोल्कार्ड आणि फिलिप टकर यांनी २००३ मध्ये निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून दाखवलं की पहिल्या रात्रीच्या तुलनेत अपघाताची जोखीम दुसऱ्या रात्री सुमारे ६ टक्के, तिसऱ्या रात्री १७ आणि चौथ्या रात्री ३६ टक्के वाढते. सहाने भागलं की सोपे गुण मिळतात: दुसरी रात्र १, तिसरी ३, चौथी ६. पाचवीला १० देतो, तो मात्र माझा अंदाज आहे. ११ तासांहून कमी विश्रांती असेल तर कमी पडलेल्या प्रत्येक तासाला २ गुण. सलग सहाव्या दिवसाला ३. रात्रींनंतर ४६ तासांपेक्षा कमी मोकळे असतील तर ३, ३० पेक्षाही कमी असतील तर ६. रात्रींचा चढ सोडला तर बाकीची वजनं घरची आहेत. ती कुणी वेगळी ठेवली तरी हरकत नाही, फक्त महिन्यागणिक बदलू नयेत.

'क'चे गुण: रात्रींचे १+३+६+१० म्हणजे २०, दोन छोट्या विश्रांतींचे १२, सहाव्या दिवसाचे ३, एकूण ३५. 'ख'चे रात्रींचे ५, सहाव्या दिवसाचे ३, सांध्याचे ६, एकूण १४. 'ग'चे ५, ३ आणि ३, एकूण ११. सांधा विसरलात तर 'ख' आणि 'ग' दोघांचे ८-८ होतात आणि फरकच दिसत नाही.

एक्सेलमध्ये सुट्ट्यांच्या ओळी वगळून, फक्त पाळ्यांची सुरुवातीची वेळ B मध्ये आणि संपण्याची C मध्ये ठेवून छोट्या विश्रांतीचे गुण असे निघतात:

```
=MAX(0,11-ROUND((B3-C2)*24,2))*2
```

वेळेबरोबर तारीख लिहिलेली नसली तर वजाबाकी चुकते आणि मध्यरात्र ओलांडणारी प्रत्येक विश्रांती कमी पडल्यासारखी दिसते. जवळजवळ अख्खा स्तंभ गुणांनी भरला की कारण बहुधा हेच.

गुणांची मर्यादा अशी की ते नुसते बेरजेत मोजतात. आठ तासांच्या विश्रांतीनंतर लागलेली चौथी रात्र ही दोन दुखण्यांच्या बेरजेपेक्षा वाईट असते, हे त्यांना कळत नाही. शिवाय संघाची सरासरी काढली की एकाचे ३५ आणि पाच जणांचे ८ मिळून चित्र छान दिसतं. म्हणून प्रत्येक पत्रकाखाली सगळ्यात जास्त गुण असलेल्या माणसाचा आकडा वेगळा लिहावा. मी तोच आधी बघतो.

तिसरी वाट ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या थकवा व जोखीम निर्देशांकाची. त्यात पाळीच्या वेळांबरोबर प्रवासाचा वेळ, कामाचा भार आणि मधल्या विश्रांती भराव्या लागतात, आणि दोन वेगळे आकडे येतात. थकव्याचा आकडा म्हणजे माणूस नऊ पायऱ्यांच्या झोपाळूपणाच्या मापावर वरच्या दोन पायऱ्यांवर पोचण्याची शंभरातली शक्यता. जोखमीचा आकडा मात्र तुलनेचा: १ म्हणजे दोन दिवस, दोन रात्री, चार सुट्ट्या अशा बारा तासांच्या नेहमीच्या चक्राइतकी. प्रवास धरला जातो, हे आपल्याकडे फार मोलाचं. पण आकडा सरासरी माणसाचा आहे. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली दिवसा झोपणाऱ्याचा नाही.

चाळीस माणसांपर्यंतचं पत्रक एक सुपरवायझर हाताने लावत असेल, तर मी गुणांची पद्धत घेईन आणि तिच्याखाली दोनच पक्क्या मर्यादा ठेवीन: ११ तास, आणि चार रात्री. 'क' त्यातच बाद होतो. पुढे 'ख' आणि 'ग'मधली निवड गुण करतात. निर्देशांक काढावा तो पाळीची लांबी आठवरून बारा तासांवर न्यायचा विचार असेल तेव्हा, कारण लांब पाळीला माझ्या गुणांत खानाच नाही.

आणि 'ग' लावूनही रिलीव्हर आला नाही म्हणून दुसऱ्या पाळीवाल्याने डबल मारली, तर ११ गुणांचा हा कागद त्या दिवसापुरता खोटा ठरतो. तो माणूस दुपारी ३ ला आत आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला बाहेर पडला. म्हणून पंधरवड्याच्या शेवटी तीच सूत्रं हजेरीच्या पंचिंगवर पुन्हा चालवावीत. दोन बेरजांमधली तफावत ज्याच्या नावापुढे वारंवार दिसते, त्याची पुढच्या पत्रकातली पहिली सुट्टी मी आधी पेन्सिलने लिहून ठेवतो.