४३ इंची टीव्ही, तीन वर्षं: बोर्ड शाबूत होता, खालच्या जाळ्या तुंबल्या होत्या

मार्चपासून आमचा टीव्ही संध्याकाळी आपोआप बंद पडायला लागला. लावल्यावर साधारण पन्नास मिनिटांनी पडदा काळा व्हायचा आणि लगेच चालू केला तर पाच मिनिटांत पुन्हा तेच. अर्धा तास थांबलं की मात्र सुरळीत. सर्व्हिसवाला आला, मागचं झाकण न उघडताच "बोर्ड गेलाय, साडेसहा हजार" म्हणाला. तीनशे रुपये व्हिजिटचे घेतले ते वेगळेच. मला त्याचा अजून राग आहे.

थंड झाल्यावर टीव्ही चालतो, म्हणजे उष्णतेचा संबंध असणार, असं मला वाटलं. मागच्या बाजूला टेबलफॅन लावून पाहिला, तर टीव्ही दोन तास चालला. तिथेच खात्री पटली. (लावल्यावर काही सेकंदांतच बंद होत असेल किंवा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर धुळीच्या मागे लागू नका, ते बहुधा बोर्डाचं किंवा बॅकलाइटचं काम आहे.)

पहिल्यांदा मी फक्त वरच्या फटी साफ केल्या आणि काम झालं असं समजलो. फरक पडला, पण थोडाच. आमच्या टीव्हीला पंखा नाही. आतली तापलेली हवा वर चढून वरच्या फटींतून बाहेर पडते आणि तिच्या जागी गार हवा खालच्या जाळ्यांतून आत येते. खालची वाटच बंद असेल तर वरचं झाडून काय उपयोग? मोबाइलचा टॉर्च लावून खाली आरसा धरला, तेव्हा जाळीवर राखाडी नमद्यासारखा थर दिसला. स्वयंपाकघर हॉललाच लागून असल्यामुळे फोडणीच्या तेलकट वाफेत धूळ चिकटून बसली होती. नुसत्या फुंकरीने ती हलत नाही.

आता दर दोन महिन्यांनी हे करतो. बटण बंद करून पिन काढायची, टीव्ही पूर्ण गार होऊ द्यायचा. रंगकामाच्या चाळीस रुपयांच्या मऊ, कोरड्या ब्रशने जाळी हलकेच झाडायची आणि शेजारीच व्हॅक्यूमची नळी कमी वेगावर धरायची, म्हणजे सुटलेली धूळ आत न जाता बाहेर ओढली जाते. मागचं झाकण मी उघडत नाही, कारण पिन काढल्यावरही पॉवर बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.

पडद्यासाठी आधी कोरडं मायक्रोफायबर. डाग राहिलाच तर कापडाला डिस्टिल्ड पाण्याचा नुसता ओलावा देतो आणि न दाबता पुसतो. पडद्यावर थेट फवारा कधीच नाही, कारण पाणी ओघळून खालच्या कडेच्या फटीत शिरतं आणि तिथे पॅनेलच्या नाजूक पट्ट्या असतात. काच पुसायचं लिक्विडही नको, चकाकी कमी करणारा थर खराब होतो.

आईने विणलेलं कव्हर वरून असायचं. टीव्ही बंद असताना ते छान धूळ अडवतं, म्हणून ठेवलंय. लावताना मात्र पूर्ण काढतो. सात महिन्यांत टीव्ही एकदाच बंद पडला, दिवाळीत, कव्हर तसंच राहिलं होतं तेव्हा.