तीन कोटेशनं आणि पाऊण गुण

आम्ही रावेर तालुक्यातले केळीवाले. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने दहा-दहा टन माल बसेल अशी केळी पिकवायची चार रायपनिंग चेंबरं घेतली आणि त्यात फसलो. फसवणारा पैसे घेऊन पळाला असता तर लिहायला फार काही नव्हतं. आमचं तसं नाही झालं. आम्ही रीतसर तीन कोटेशनं मागवली, गुणतक्ता केला, संचालकांच्या सह्या घेतल्या आणि तो तक्ता सांगेल त्यालाच काम दिलं. फसवणूक त्या तक्त्यातच होती. तुमच्या गावात उद्या शीतगृह, डाळ मिल, सोलर असं काही घ्यायचं ठरलं तर हाच तक्ता तुमच्यापुढेही येईल, म्हणून लिहितो.

सुरुवात एका सल्लागाराने झाली. माणूस गोड. फी नको म्हणाला, "अनुदानाच्या फाइलला तीन कोटेशनं लागतात, तीही मीच आणून देतो." आम्हाला वाटलं, बरंच झालं, धावपळ वाचली. कोटेशनं ज्याला विकायचं आहे त्याच्याच ओळखीतून येतायत, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसरं कोटेशन मात्र आमच्या एका संचालकाने हट्टाने स्वतः आणलं, म्हणून निदान एक तरी खरा स्पर्धक रिंगणात होता.

नावं घेत नाही. सल्लागाराच्या ओळखीचा तो अ, आमच्या संचालकाने आणलेला तो ब, आणि सल्लागारानेच आणलेला तिसरा क. अ ने 48 लाख सांगितले, ब ने 40 आणि क ने फक्त 25. क चं कोटेशन वाचताना आम्ही हसलोच होतो. केळी पिकवणारा इथिलीन वायू किती सोडला जातोय ते मोजायची सोय नाही, आर्द्रता राखायचं यंत्र नाही, कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा पंखा नाही. म्हणजे पत्र्याची खोली आणि त्याला एसी. "हा काय आपल्या कामाचा नाही, पण तीन कोटेशनं पुरी होतात ना, राहू द्या," असं मीच म्हणालो. हे वाक्य मला फार महागात पडलं.

कोटेशनं उघडण्याआधी बैठकीत तोंडी ठरलं होतं की किमतीला 50 गुण, तांत्रिक बाजूला 30, अनुभवाला 10 आणि विक्रीनंतरच्या सेवेला 10. इतिवृत्तात ते लिहिलं नाही. पाकिटं उघडल्यावर सल्लागार म्हणाला, "नाना, एवढी मोठी गुंतवणूक, आणि अनुभवाला दहाच गुण? किमतीतले दहा तिकडे द्या." बोलणं पटण्यासारखं होतं. किंमत 40, अनुभव 20 झाला. अ ने पूर्ण केलेल्या कामांची लांबलचक यादी जोडली होती, ब ने दोनच कामं लिहिली होती. यादीतल्या एकाही ठिकाणी आम्ही गेलो नाही. दिलेल्या एका नंबरवर फोन केला, समोरच्याने तोंडभरून कौतुक केलं, आम्ही 20 पैकी 18 देऊन टाकले. ब ची दोन्ही कामं मोटारसायकलवर जाऊन बघण्यासारखी होती, पण त्याला 12.

अशा रीतीने किंमत सोडून उरलेल्या 60 पैकी अ ला 50 गुण पडले, ब ला 45 आणि क ला 12. किमतीचे गुण सल्लागाराच्या एक्सेलमधून आले. सूत्र साधंच, सगळीकडे वापरतात तसं:

```
=MIN($C$2:$C$4)/C2*40
```

म्हणजे सगळ्यात कमी किमतीला आपल्या किमतीने भागायचं आणि 40 ने गुणायचं. क चे 25 लाख सगळ्यात कमी, त्याला पूर्ण 40. ब ला 25, अ ला 20.83. एकूण बेरीज अ ची 70.83, ब ची 70 आणि क ची 52. अ पाऊण गुणाने पुढे. सगळ्यांनी सह्या केल्या. 60 टक्के रक्कम आगाऊ, 30 टक्के माल उतरल्यावर, 10 टक्के मशीन सुरू झाल्यावर, असा करार झाला.

हिवाळ्यात चेंबरं सुरू झाली आणि छान चालली. मशीन सुरू झालं म्हणून शेवटचे 10 टक्केही गेले.

मग मे आला. आमच्याकडचा मे काय असतो ते वेगळं सांगायला नको, भुसावळ-जळगावचा पारा 44-45 ला जातो. केळी पिकायला लागली की तिच्या आतूनच उष्णता निघते. इथिलीन दिल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जास्त, म्हणजे यंत्रावर खरा भार तेव्हाच. नेमक्या त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास बाहेरचं कंडेन्सर तापून कॉम्प्रेसर हाय प्रेशरवर ट्रिप व्हायचा. पोरगा जाऊन बटण दाबायचा, अर्ध्या तासात परत बंद. गंमत म्हणजे दाराबाहेरच्या डिस्प्लेवर 18 अंशच दिसायचे. सेन्सर पंख्याच्या थंड झोतासमोर टांगला होता. आम्ही खुपसायचा थर्मामीटर मधल्या क्रेटमधल्या केळीच्या गरात घातला तर 25. एवढ्या उष्णतेत केळीच्या सालीतला हिरवा रंग नीट जात नाही आणि गर मात्र मऊ पडतो. चेंबर उघडल्यावर मजुराने एक फणी उचलली, बोटाने दाबली आणि म्हणाला, "नाना, वरून हिरवी, आतून गेली." व्यापाऱ्याने तो माल घेतलाच नाही.

मी कोटेशनं परत काढून बसलो. कूलिंगची क्षमता टनात लिहितात (हा टन मालाच्या वजनाचा नाही, थंडाव्याचा). अ ने प्रत्येक चेंबरला 6 टन लिहिले होते, ब ने 5. तांत्रिक 30 मध्ये कूलिंगला 10 गुण होते, ते आम्ही अ ला पूर्ण आणि ब ला 7 दिले. आता चष्मा लावून वाचलं तर अ च्या 6 टनाखाली बारीक अक्षरात होतं, बाहेरचं तापमान 35 अंश. ब चे 5 टन होते 45 अंशांना. बाहेर जितकं जास्त तापेल तितकी यंत्राची क्षमता उतरते, आणि 45 ला अ ची किती उरते हे त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या वस्तूंना आम्ही एकाच तक्त्यात गुण दिले. चूक आमचीच होती, कारण निकषात "कूलिंग क्षमता" एवढंच लिहिलं होतं. "बाहेर 45 अंश असताना, पूर्ण भरलेल्या चेंबरमध्ये, गराचं तापमान 18 च्या आत राखणं" असं लिहिलं असतं तर अ ला तिथेच अडकवता आलं असतं.

तरी फसवणूक झाली असं तेव्हाही वाटत नव्हतं, मूर्खपणा झाला एवढंच वाटत होतं. उलगडा केला आमच्या संचालकाच्या मुलीने. ती पुण्याला अकाउंट्सचं शिकते, सुट्टीत आली होती. तिने एक्सेल उघडलं आणि विचारलं, "काका, हा क तुम्ही घेणारच नव्हता ना? मग तो तक्त्यात कशाला?" आणि तिने ती ओळ खोडली.

आता सगळ्यात कमी किंमत ब ची झाली, 40 लाख. ब ला 40 पैकी 40. अ ला 33.33. एकूण ब ची बेरीज 85, अ ची 83.33. निकाल उलटा.

मी दोनदा कागदावर करून पाहिलं. आठ लाखांच्या फरकाला क नसताना 6.67 गुणांची किंमत होती, क आला की तीच 4.17 झाली. फार कमी किमतीचा कुणीतरी आणून बसवला की या सूत्रात बाकीच्यांमधलं अंतर आवळलं जातं आणि महाग असणाऱ्याची महागाई झाकली जाते. क जिंकायला आलाच नव्हता. मग तिने ओळ परत टाकली आणि आमचे जुने, तोंडी ठरलेले भार घातले, किमतीला 50 आणि अनुभवाला 10. क असूनही ब 70.25, अ 67.04. म्हणजे भार बदलला नसता तरी वाचलो असतो, आणि क ला आधीच बाहेर काढलं असतं तरी वाचलो असतो. दोन्ही गोष्टी जुळल्या तेव्हाच अ जिंकला.

अ आणि क च्या पीडीएफ तिने शेजारी-शेजारी उघडल्या. दोन्हींत "इन्सुलेशन"चं स्पेलिंग एकाच तऱ्हेने चुकलेलं, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून एकच नाव. जीएसटीच्या साइटवर दोघांचे नंबर टाकले तर पत्ता एकाच कॉम्प्लेक्सचा, गाळे शेजारी.

सल्लागाराला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "गुण तुम्ही दिले, सह्या तुमच्या. मी फक्त फाइल दिली." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तक्रार दिली आहे, पण सह्यांचा कागद त्याच्याच बाजूने बोलतो.

दोन चेंबरांची यंत्रणा बदलावी लागली. या वेळी भार आणि निकष आधी इतिवृत्तात लिहिले, सह्या केल्या, मगच कोटेशनं मागवली, तीही तीन संचालकांनी आपापली. दोन पाकिटं घेतली, तांत्रिक वेगळं, किमतीचं वेगळं. तांत्रिक अटी आधी, तिथे गुण नाहीत, बसतो किंवा बसत नाही एवढंच. जो बसला नाही त्याचं किमतीचं पाकीट न उघडता परत, म्हणजे त्याची किंमत सूत्रात शिरतच नाही. एकाने 45 अंशांची क्षमता लिहून द्यायला नकार दिला, तो तिथेच गेला. अनुभवाचे गुण फक्त आम्ही स्वतः जाऊन थर्मामीटर खुपसलेल्या चेंबरांचे. पाच जणांनी गुण वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता दिले. एका बाबतीत एकाचे 4 आणि दुसऱ्याचे 9 आले, तेव्हा कळलं की तो निकष दोघांनी वेगळा समजून घेतलाय, तो आधी नीट केला. शेवटी मुलीने भार पाच-पाच गुणांनी इकडे-तिकडे सरकवून पाहिले. पहिला येणारा बदलला नाही. बदलला असता तर दोघांना बरोबरीत धरून पुन्हा बघायला जायचं, असं ठरवलं होतं.

करारात शेवटचे 20 टक्के राखून ठेवलेत. मे महिन्यात एक पूर्ण चक्र निघेपर्यंत, मधल्या क्रेटच्या गरात 18 च्या आत तापमान राहिलं तरच ते द्यायचे. परवा जानेवारीतच त्या कंपनीच्या माणसाचा फोन आला, "नाना, मशीन तर मस्त चालतंय, उरलेलं सोडून द्या ना."

मी म्हटलं, "भाऊ, आमच्याकडे अजून थंडी आहे."

तो हसला. मेमध्ये येतो म्हणाला, थर्मामीटर तुमचाच वापरू.